लहानपणीच्या फोटोतली मुलगी मीच का?

"ताई, माझ्या लहानपणीच्या फोटोत मी मला कुठेच सापडत नाही. नाक वेगळं, हनुवटी वेगळी, डोळेसुद्धा माझे वाटत नाहीत. आईबाबांशीही माझा चेहरा जुळत नाही. लहान असताना सगळे चिडवायचे, तुका जत्रेतसून हाडलां. मी खरंच यांची मुलगी आहे ना?"

ही मालवणजवळच्या एका गावातली मुलगी. तिला मुक्ता म्हणू. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही. वय २४, लग्न ठरलेलं. लग्नाच्या व्हिडिओसाठी जुने फोटो गोळा करताना होणाऱ्या नणंदेने एका फोटोवर बोट ठेवून सहज विचारलं, "ही कोण?" घरातले हसले. मुक्ताची मात्र झोप उडाली. माझ्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा अशाच वळणावर येतो, लग्न ठरताना किंवा पहिलं मूल झाल्यावर.

समुपदेशकाने फोटो कशाला बघत बसायचं, असं माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. शंका जर एखाद्या कागदाच्या तुकड्यावर उभी असेल, तर आधी तो तुकडा नीट बघावा. मनातलं त्यानंतर जास्त मोकळेपणी बोलता येतं.

मुक्ताने एका बाजूला स्वतःची ताजी सेल्फी आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या वर्षीचा स्टुडिओतला फोटो असे दोनच फोटो शेजारी लावले होते. दोन टोकं अशी समोरासमोर ठेवली की मधली वीस वर्षं गळून पडतात आणि दिसतो तो फक्त फरक. म्हणून मी तिला मधले फोटो शोधायला सांगितले. पाचवीतला वर्गाचा फोटो, दहावीच्या अर्जावरचा, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. सेल्फी तर बादच केली. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ नाक असतं, म्हणून ते मोठं येतं आणि कान मागे सरकतात. एक फूट अंतरावरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुंधा पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. मुक्ताचं "वेगळं नाक" निम्मं तिथेच होतं. भावाने दोन मीटरवर उभं राहून, मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून, थोडं झूम करून नवा फोटो काढला. स्टुडिओतल्या फोटोत तिची मान डावा कान दिसेल एवढी वळलेली होती, म्हणून आताही मान तेवढीच वळवायला लावली.

मग एकेक फरक घेतला. पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत मुलाची कवटी मोठ्या माणसाच्या जवळजवळ ९० टक्के झालेली असते, पण चेहरा, म्हणजे नाक, गाल आणि जबडा, तेव्हा बराच मागे असतो. म्हणून लहान मुलाचं कपाळ मोठं दिसतं आणि डोळे चेहऱ्यात खाली बसल्यासारखे. डोळ्यातलं काळं बुबुळ दोन वर्षांच्या आसपास जवळजवळ पूर्ण मापाचं झालेलं असतं. त्यामुळे छोट्या चेहऱ्यात ते टपोरं दिसतं. पुढे डोळे लहान होत नाहीत, भोवतालचा चेहरा मोठा होतो. मुक्ता म्हणत होती, "माझे डोळे एवढे मोठे कधीच नव्हते." होते तेवढेच होते.

नाकाचं तर विचारूच नका. लहानपणी नाकाचा दांडा बसका असतो आणि शेंडा वर असतो. वयात येताना दांडा वर उचलला जातो आणि शेंडा खाली येतो. बसक्या दांड्यामुळे डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर येणारी कातडीची घडीही त्यातच मोकळी होते, म्हणून डोळ्यांचा आकारसुद्धा बदलल्यासारखा वाटतो. दुधाचे दात जाऊन कायमचे आले की चेहऱ्याचा खालचा भाग लांबतो. सर्वांत शेवटी वाढतो तो खालचा जबडा. मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळापर्यंत, मुलांमध्ये अठरा-वीसपर्यंत. गालांची चरबी त्याच सुमारास उतरते आणि हनुवटी "येते". मुक्ताने मांडलेले सगळे फरक याच जागांचे होते. तिच्या दहावीच्या फोटोत नाक मोठ्या मुलीचं आणि हनुवटी अजून लहान मुलीची, असं मधलंच काहीतरी दिसत होतं. ते बघून ती पहिल्यांदा हसली.

फरक समजले, तरी त्याने ती मुलगी मुक्ताच ठरत नाही. बदलायला हवं तेच बदललंय, एवढंच कळतं. ओळख पटवायची तर न बदलणाऱ्या जागा बघाव्या लागतात, आणि त्यात मी आधी कान बघते. कान सहा-सात वर्षांपर्यंत रुंदीला जवळजवळ पुरा वाढतो, लांबी पुढेही वाढत राहते, पण त्याच्या कडेची वळणं, आतल्या घड्या आणि पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे तसंच राहतं. मात्र जड डुलांनी पाळी ओघळते, त्यामुळे एकट्या पाळीवर निकाल देऊ नये. कानाखालोखाल वरच्या ओठाची कमान, कपाळावरच्या केसांची रेषा आणि जुने व्रण यांचा उपयोग होतो. तीळ मात्र दगा देतात. बरेचसे नंतर, वाढत्या वयातच येतात. त्यातून आपल्याकडे लहान मुलाच्या गालावर काजळाची तीट लावायची पद्धत, आणि फोटोत ती हुबेहूब तिळासारखी दिसते.

कोकणात आणखी एक भानगड असते. चार महिन्यांच्या पावसाची ओल अल्बममध्ये शिरते, फोटो प्लास्टिकला चिकटतात आणि त्यांच्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. मुक्ताच्या स्टुडिओतल्या फोटोत डाव्या कानाच्या पुढे, कानाची वरची कड गालाला येऊन मिळते तिथे, असाच एक बारीक ठिपका होता. आणि मुक्ताच्या कानापाशी नेमक्या त्याच जागी टाचणीच्या टोकाएवढं जन्मजात छिद्र आहे. काही मुलं ते घेऊनच जन्मतात, ते आपोआप बुजत नाही, आणि त्यात पू झाला नाही तर कोणाचं लक्षही जात नाही.

आता तो ठिपका छिद्राचा की बुरशीचा? फोटो खिडकीपाशी तिरका धरला. बुरशी कागदावर वर बसलेली असते, तिरप्या उजेडात तिचा खरखरीतपणा वेगळा दिसतो. इथे पृष्ठभाग गुळगुळीत होता, ठिपका चित्रातलाच. मग पाचवीचा वर्गाचा फोटो चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करून मोठा केला. तिथेही तीच जागा, तोच ठिपका. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठिकाणी काढलेल्या दोन फोटोंवर एकाच जागी डाग पडत नाही.

मुक्ताने लगेच सेल्फी पुढे केली. "पण ताई, इथे तर ते उजव्या कानाला आहे!" पुढचा कॅमेरा पुष्कळ मोबाइलमध्ये आरशासारखा उलटा फोटो साठवतो. टी-शर्टवरची अक्षरं बघ म्हटलं. उलटीच होती.

गंमत पुढेच आहे. आजीच्या घरी भिंतीवर लावलेला, दीड-दोन वर्षांच्या बाळाचा फोटोही ती घेऊन आली होती. "मुक्ता" म्हणून घरात सगळे दाखवतात तो. त्यात डावा कान स्वच्छ दिसतो. छिद्र दिसत नव्हतं, पण फोटो जुना आणि मऊ, न दिसण्यावरून काही ठरवता येत नाही. पाळी मात्र ठळकपणे गालाला चिकटलेली. मुक्ताची पाळी सुटी, आणि चौथ्या वर्षीच्या फोटोतही सुटीच, तेव्हा तर कानात साधी बाळीही नव्हती. शिवाय कानाच्या आतली घडी वेगळी. जुळणाऱ्या दहा गोष्टींनी माणूस नक्की ठरत नाही, पण वयाने होऊच शकत नाही असा एक स्पष्ट फरक माणूस बाद करायला पुरतो. मी म्हटलं, हा फोटो तुझा नसावा. तिने तिथूनच आत्याला फोन लावला. आत्याने फोटो व्हॉट्सअॅपवर बघितला आणि म्हणाली, "गो, हो तुझो न्हय, आमच्या चेडवाचो." एकच झबलं दोघी बहिणींनी घातलेलं, त्यावरून आजीने घोळ घातला होता. नणंदेचं बोट पडलं होतं ते याच फोटोवर.

इथवर कळलं ते एवढंच, की चार वर्षांची ती मुलगी मुक्ता आहे. ती कोणाची, हे कान सांगत नाही. मुक्ताला ते सांगून घ्यायचं होतं, म्हणून तिने घरी जाऊन आईबाबांचे कान तपासले. छिद्र दोघांनाही नाही. घाबरून तिने पुन्हा फोन केला. हे छिद्र घराण्यात चालत येतं हे खरं, पण आईवडिलांपैकी कोणालाही नसताना एखाद्याच मुलात येणंही नेहमीचं आहे. आणि त्यांच्या कानाला ते असतं, तरी मी तो पुरावा धरला नसता, कारण ते तितकं दुर्मीळ नाही. चेहरा आत्यावर किंवा आजोबांवर जाणं तर घरोघरी दिसतं. जन्मदाखल्याचंही तसंच. कायदेशीर दत्तकानंतर दाखल्यावर दत्तक आईवडिलांची नावं लागू शकतात. रक्ताचं नातं ठरवते ती डीएनए चाचणी, आणि तिला सगळ्यांची संमती लागते. ती करण्याआधी उत्तर काहीही आलं तर आपण उद्या काय करणार, हे मी अशिलाकडून मोठ्याने बोलवून घेते.

मुक्ताला चाचणी नको होती. तिला आईला विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. प्रश्न कसा मांडायचा याची आम्ही तयारी केली. "तू माझी आई नाहीस का" असं नाही, तर "मी झाले तेव्हाचं सगळं सांग" असं. आईने सांगितलं: भर पावसात रात्री बोलावलेली रिक्षा, दवाखान्यातली नर्स, आणि तिसऱ्या दिवशी आजीनेच पहिल्यांदा पाहिलेलं "कानाकडलां भोक". आजी म्हणे तेव्हा म्हणाली होती, हिका टोचूक नको, देवानच टोचून धाडल्यान.

तरी दोन आठवड्यांनी मुक्ताचा फोटो आला, लाल वर्तुळ काढलेला. भुवया. मग मी तिला स्पष्ट सांगितलं की आता मी एकही फोटो बघणार नाही. उत्तर मिळूनही चार दिवसांत शंका नवा अवयव शोधत असेल, तर प्रत्येक तपासणी तिला खाऊ घालते. फोटो आणि आरसा बघायचा वेळ आम्ही लिहून ठरवला, आणि व्हिडिओ भावाकडे सोपवला. काही आठवड्यांत ती ओढ कमी झाली. ती कमी झाली नसती, दिवसाचे तासन् तास त्यातच जाऊ लागले असते, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं, कारण तेव्हा उपचार करायचा असतो तो तपासत राहण्याच्या ओढीवर.