रेरा कार्पेट ४९७, टेपने ४७४: मधले २३ फूट कुठे गेले?

प्रश्न: रत्नागिरीत वन बीएचके घेतला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये रेरा कार्पेट ४९७ चौ. फूट आहे, टेप लावला तर ४७४च भरतो. विकताना बिल्डर ७८५ म्हणत होता. आर्किटेक्टकडे विचारणा केली तर 'क्षेत्रफळ बरोबर आहे' असं एका ओळीचं पत्र आलं. हे खरं असू शकतं का?

उत्तर:

खरं असू शकतं. पण त्या एका ओळीच्या पत्राने माझं डोकं फिरलं. कुठली भिंत धरली आणि कुठली सोडली हे न लिहिता क्षेत्रफळाच्या पत्रावर सही-शिक्का मारू नये, यावरून मी आमच्याच व्यवसायातल्या मंडळींशी कायम भांडत आलोय. 'क्लायंटला एवढं कळत नाही हो' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. न कळायला काय झालं? गुणाकार आणि बेरीज आहे. तुमच्या हातात साधारण असं पत्र पडायला हवं होतं. मापं मी नमुन्याची घेतली आहेत, पण तुमच्या आकड्यांशी जुळतील अशी.

सप्रेम नमस्कार,

आपल्या फ्लॅटच्या क्षेत्रफळाचा हिशेब कळवत आहे. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडांपासून मोजल्यास फ्लॅट ७.२० मीटर लांब आणि ६.५० मीटर रुंद आहे, म्हणजे ४६.८० चौ. मी. टॉयलेटच्या कोपऱ्यातला पाइपांचा डक्ट त्याच्या भिंतींसकट ०.६० चौ. मी. आहे. डक्ट कार्पेटमध्ये धरत नाहीत, तो वजा केल्यावर ४६.२० उरतात. याला १०.७६४ ने गुणलं की ४९७ चौ. फूट होतात. अ‍ॅग्रीमेंटमधला आकडा तो हाच.

आता आपला ४७४. आपण प्रत्येक खोली वेगळी मोजून बेरीज केली असावी. तसं केलं की खोल्यांमधल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागा सुटते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळली आहे, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या आहेत. आपल्या फ्लॅटमध्ये दारांची जागा धरून अशा भिंती १३ मीटर लांब आहेत. चार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह १४ सेंमी होते, म्हणजे १.८२ चौ. मी. जागा तिच्याखाली गेली. शिवाय नकाशातली मापं प्लास्टरआधीची आहेत. बाहेरच्या भिंतींना आतून १२ मिमी प्लास्टर झालं, त्यात सुमारे ०.३३ चौ. मी. गेले. दोन्ही मिळून २.१५ चौ. मी., म्हणजेच आपले २३ फूट.

बिल्ट-अपसाठी भिंतींच्या बाहेरच्या कडेपर्यंत जायचं. बाहेरची भिंत पूर्ण, शेजाऱ्याशी सामाईक असलेली निम्मी. आपल्या चिऱ्याच्या भिंती २३ सेंमी आहेत आणि एक बाजू सामाईक आहे. म्हणून लांबी ७.२० + ०.२३ + ०.११५ = ७.५४५ मीटर आणि रुंदी ६.५० + ०.२३ + ०.२३ = ६.९६ मीटर. गुणाकार ५२.५१ चौ. मी. डक्ट यात आत आला. ३ मीटर बाय १.२० मीटरची बाल्कनी ३.६० चौ. मी., ती मिळवून ५६.११ चौ. मी., म्हणजे ६०४ चौ. फूट बिल्ट-अप.

कळावे.

पत्र संपलं. यातली चिऱ्याची गोष्ट कोकणातल्या लोकांनी नीट बघावी. तोच फ्लॅट, तेवढ्याच खोल्या, पण भिंती १५ सेंमी ब्लॉकच्या असत्या तर भिंतींसह क्षेत्र ५२.५१ ऐवजी ५०.४९ चौ. मी. झालं असतं. बिल्ट-अप जवळजवळ २२ फुटांनी कमी झाला असता आणि तुमच्या घरात एक टाइलसुद्धा कमी झाली नसती. म्हणूनच 'कार्पेट गुणिले अमुक' करून काढलेला बिल्ट-अप हा अंदाज असतो, त्याला मोजमाप म्हणू नका.

बाल्कनीचा घोळ आमच्याकडे जास्त. पावसाची झड आत येते म्हणून बाल्कनी स्लायडिंग लावून बंद करतात, मधली भिंत काढून हॉलला जोडतात, आणि मग ती कार्पेटमध्ये का नाही म्हणून वाद. मंजूर नकाशात ती बाल्कनी असेल तर जोडल्याने ती कार्पेट होत नाही. पुनर्विक्रीचा फ्लॅट बघताना हॉलच्या छताकडे बघा. खिडकीच्या अलीकडेच आडवी बीम दिसली तर मूळ हॉल बहुतेक तिथेच संपत होता. मग नकाशा मागून खात्री करा.

तुमचा फ्लॅट असा तपासा. स्कर्टिंगच्या वर, साधारण कमरेच्या उंचीवर टेप धरा, कारण स्कर्टिंगची टाइल भिंतीपुढे आलेली असते. खोल्या मोजा. प्रत्येक पार्टिशनची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा आणि लांबीने गुणून मिळवा. हॉलचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर हॉल काटकोनात नाही आणि लांबी गुणिले रुंदी चुकणार. पार्टिशनमधला कॉलम धरायचा, बाहेरच्या भिंतीतला सोडायचा. हे करून आकडा ४९७ च्या आसपास आला तर आर्किटेक्टशी भांडू नका. महारेराच्या नमुना अ‍ॅग्रीमेंटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, तुमच्या बाबतीत तो सुमारे १५ फूट. पण ते ३ टक्के याच व्याख्येने मोजलेल्या कार्पेटला लागू आहेत. खोल्याखोल्यांच्या बेरजेला लावू नका.

भांडायचं असेल तर ७८५ वर भांडा. ६०४ वर ३० टक्के चढवले की ७८५ होतात. जिना, पॅसेज, लिफ्ट असं सगळं त्यात आहे असं सांगतात, पण कुणाचा किती वाटा ते कागदावर मागा, मिळत नाही. याला सुपर बिल्ट-अप म्हणतात, पण त्याची कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे ३० चे ४० केले तरी चूक म्हणून दाखवता येत नाही. ३,५०० रुपये फूट दराने ७८५ चे २७,४७,५०० झाले. तेच ४९७ ने भागा, दर ५,५२८ पडतो. शेजारचा बिल्डर कार्पेटवर ५,२०० सांगत असेल तर तो महाग वाटतो आणि असतो स्वस्त. सेल्सवाले हे जाणून असतात.

एक राहिलं. ५०० चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅटच्या इमारतीला रेरा नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडे अशा छोट्या इमारती भरपूर. तुमची तशी असेल तर महारेराच्या साइटवर तिचे आकडे सापडणार नाहीत. मग मंजूर नकाशाची प्रत घ्या आणि आर्किटेक्टकडून वरच्यासारखं, मापं आणि भिंतींच्या जाडीसकट पत्र लेखी मागा. एका ओळीचं पुन्हा आलं तर परत पाठवा.