क्रेनच्या नावातील ‘५० टन’ आणि प्रत्यक्ष उचल यांतील फरक

प्रश्न : छतावर ८ टनांचा चिलर चढवायचा आहे आणि ५० टनांची क्रेन मागवली आहे. क्रेनवाला म्हणतो, ‘पन्नासची मशीन आहे, काळजी नको.’ साइटवर सेफ्टीचे काम माझ्याकडे नवीनच आले आहे. उचल सुरू होण्यापूर्वी मी नेमके काय तपासावे?

क्रेनची ५० टन ही क्षमता बूम सर्वांत आखूड असताना, यंत्राच्या अगदी जवळ, साधारण ३ मीटर रेडियसला मिळते. तुमचा चिलर त्या जागी उतरणार नाही. त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो रेडियसचा. आणि रेडियस म्हणजे क्रेन ज्या केंद्राभोवती फिरते तेथपासून हुकाच्या उभ्या रेषेपर्यंतचे आडवे अंतर. अनेक जण ते आउटरिगरच्या कडेपासून मोजतात आणि दोन-तीन मीटर तेथेच हरवतात.

समजा, चिलर ठेवण्याच्या जागेचा रेडियस १४ मीटर आहे आणि त्या बूम-लांबीला, आउटरिगर पूर्ण बाहेर काढलेले असताना, लोड चार्ट १४ मीटरला १०.४ टन, १५ मीटरला ९.३ टन आणि १६ मीटरला ८.३ टन दाखवतो. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या यंत्राचा चार्ट केबिनमध्ये असलाच पाहिजे आणि वाचायचा तोच.) आता चिलरच्या ८ टनांत हुक ब्लॉकचे ०.५ टन आणि स्लिंग-शॅकलचे ०.३ टन मिळवा, कारण चार्टमधील आकडा सहसा हे सर्व धरून असतो. एकूण ८.८ टन झाले. १४ मीटरला हा भार क्षमतेच्या ८५ टक्के आहे, १५ मीटरला ९५ टक्के, आणि १६ मीटरला क्रेन क्षमतेबाहेर गेलेली असते. शिवाय भार आला की बूम वाकते आणि रेडियस आपोआप थोडा वाढतो. म्हणून माझा आग्रह असा की मोजलेल्या रेडियसपेक्षा पुढच्या रकान्यातही भार बसत असेल तरच होकार द्यावा, आणि ९५ टक्क्यांवर मी स्वतः जवळची जागा किंवा मोठी क्रेन मागेन.

चार्टवर बहुधा एक ठळक रेषा किंवा वेगळ्या रंगाचे रकाने असतात. रेषेच्या एका बाजूची मर्यादा क्रेन कलंडण्याची असते, तर दुसऱ्या बाजूची बूम किंवा इतर भाग मोडण्याची. दुसऱ्या प्रकारात मागचे आउटरिगर हलके होण्याची पूर्वसूचना मिळत नाही. म्हणून ‘मागची बाजू उचलू लागली की थांबतो’ असे सांगणाऱ्या ऑपरेटरचा अनुभव कितीही मोठा असला, तरी त्या भरवशावर उचल करू नये. सेफ लोड इंडिकेटरवरही डोळे मिटून विसंबू नका, कारण बूम किंवा आउटरिगरची स्थिती चुकीची भरली असेल तर तो चुकीच्या चार्टशी तुलना करत राहतो.

रिगिंगमध्ये स्लिंगचा कोन सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. चार पायांचे स्लिंग असले तरी कडक बांध्याच्या भारात सर्व पाय सारखे ताणले जात नाहीत, म्हणून हिशेब कर्णातील दोनच पायांवर करावा. कर्णातील दोन बिंदूंत ४ मीटर अंतर असेल आणि पायही ४ मीटरचा असेल, तर आडव्या पातळीशी ६० अंशांचा कोन होतो आणि प्रत्येक पायावर सुमारे ४.६ टन येतात. वर जागा कमी म्हणून कोणी २.३ मीटरचा पाय लावला, तर कोन ३० अंशांवर येतो आणि त्याच पायावर ८ टन येतात. याखेरीज लेबल नसलेला किंवा कापला गेलेला बेल्ट, तारा तुटलेला वा पिळा पडलेला वायर रोप, आणि शॅकलच्या मूळ पिनेऐवजी घातलेला बोल्ट दिसला की ते साहित्य त्याच क्षणी बाजूला काढायचे.

तुमच्या कामात ऑपरेटरला छतावरची जागा दिसणार नाही, त्यामुळे वॉकीटॉकी लागेल. खाली एक आणि छतावर एक असे दोन सिग्नलमन असले तरी एका वेळी आज्ञा एकाचीच चालावी, आणि ती कोणत्या उंचीला दुसऱ्याकडे जाईल हे आधी ठरवावे. उचल चालू असताना ‘वर, वर, वर’ असे सतत बोलत राहायचे. आवाज तुटला की ऑपरेटरने थांबायचे. ‘थांबा’ मात्र साइटवरच्या कोणाचेही पाळायचे.

बंदिस्त क्षेत्र आखताना सर्वांना भाराखालची जागा आठवते, पण क्रेनच्या मागे फिरणारे काउंटरवेट आणि भिंत यांच्यामधली फट विसरली जाते. क्रेन फिरताना त्या फटीत माणूस चिरडला जाऊ शकतो, म्हणून तेथे पट्टीऐवजी घट्ट कठडा लावा. छताखालचा मजलाही रिकामा करवून घ्या.

सर्व जुळल्यावर चिलर जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उचलून थांबवा, टेप लावून रेडियस पुन्हा मोजा, आउटरिगरखालच्या पाटांकडे पाहा आणि भार एका बाजूला झुकतो का ते बघा. पाट खचताना दिसला किंवा रेडियस ठरल्यापेक्षा जास्त निघाला, तर चिलर खाली ठेवून क्रेनची मांडणी नव्याने करायला सांगा.