ईसॉप विकून गृहकर्ज फेडायचं?

प्रश्न : मी पुण्यात असतो, वय ३३. हातात १.२० लाख येतात, गृहकर्जाचा हप्ता ५२ हजार. एक सीड फंडिंग झालेला स्टार्टअप हातात ९० हजार आणि ४० लाखांचे ईसॉप (१०,००० शेअर, चार वर्षांत) देतोय. दोन वर्षांनी निम्मे विकून कर्ज कमी करेन. बचत चार लाख, गेल्या वर्षी घेतलेल्या युलिपमध्ये. शेवटच्या मुलाखतीत इक्विटीबद्दल काय विचारू?

उत्तर : विकणार कुणाला? सीडमधल्या, म्हणजे पहिलीच गुंतवणूक मिळालेल्या कंपनीच्या शेअरला दोन वर्षांत गिऱ्हाईक मिळेलच, असं अजिबात नाही. आणि ईसॉप म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. तो भाव ऑफर लेटरमध्ये बहुधा नसतोच, म्हणून पहिला प्रश्न तोच.

समजा भाव १०० रुपये आहे आणि ४० लाख हा आकडा त्यांनी ४०० रुपये किंमत धरून काढलाय. दोन वर्षांनी ५,००० शेअर घ्यायला तुम्हालाच पाच लाख भरावे लागतील. वर फरकाचे १५ लाख पगारात धरले जातील. नव्या कररचनेत त्यावर मोटामोटी पावणेचार लाख कर. म्हणजे पावणेनऊ लाख खिशातून गेले आणि हातात कागद. काही मोजक्या पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की तोही भरावा लागतो. तेव्हा ‘तुमच्याकडे या सवलतीसाठीचं प्रमाणपत्र आहे का?’ आणि ‘सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस देता?’ हेही विचारा. कित्येक ठिकाणी ९० दिवसच देतात.

दुसरं म्हणजे, सगळे ईसॉप आणि गुंतवणूकदारांचे हक्क धरून एकूण शेअर किती? १० लाख असतील तर तुमचा वाटा एक टक्का, कंपनीची किंमत ४० कोटी. त्यात सीडवाल्यांनी आठ कोटी घातले असतील आणि कंपनी २० कोटींना विकली गेली, तर सहसा ते आधी आपले आठ कोटी काढून घेतात. ४०० च्या भावाने त्यांचे दोन लाख शेअर वगळले, तर उरलेले १२ कोटी बाकीच्या आठ लाख शेअरमध्ये वाटले की शेअरमागे १५० रुपये. तुमचे १०० वजा केले की ४० लाखांचे झाले पाच लाख, तेही चारही वर्षं टिकलात तर. ‘आधी कुणाचे पैसे निघतात?’ हे विचारल्यावर उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

आता तुम्ही न विचारलेलं. बँकेत किती आहेत आणि महिन्याला किती खर्च होतात, हे कंपनीला विचारा. भागाकार नऊ महिन्यांच्या खाली आला, तर पुढची फंडिंग अडली की पगार अडला. आणि तेव्हा युलिप उपयोगाचं नाही. पाच वर्षं पैसे अडकलेत, बंद केलंत तरी ती संपेपर्यंत परत मिळणार नाहीत. ‘बचत आणि विमा एकत्र’ म्हणून कुणी गळ्यात मारलं असणार!

हप्ता ५२ आणि घरखर्च ३५ हजार धरला, तर ९० हजारांत उरतात तीन. आधी सहा महिन्यांचे सव्वापाच लाख एफडीत जमवा, किंवा निम्मे ईसॉप सोडून हातात १.१० लाख मागा. दोन्ही जमत नसेल तर ही ऑफर घेऊ नका.