दर महिन्याला तोंड येतं, आणि गालातला फोड तर ठरलेला

*ताई, मी ३४ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी. दीड वर्ष झालं, दर महिन्याला तोंड येतं. कधी ओठात, कधी जिभेखाली. पण उजव्या गालात, शेवटच्या दाढेपाशी हमखास. मार्चएंडला तर जेवण बंद होतं. मी माळकरी, त्यामुळं घरचा तांबडा-पांढरा माझ्या ताटात नाही. पाळीत रक्त फार जातं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. गुलकंद, सब्जा झालं, बी-कॉम्प्लेक्सही चालू आहे.*
*– एक वाचक, कोल्हापूर*

बाई, तुमच्या तोंडात दोन वेगळी भांडणं चालू आहेत असं मला वाटतं.

जागा बदलत फिरणारे फोड एक, आणि दाढेपाशी त्याच जागी येणारा दुसरा. या दुसऱ्यासाठी आरशासमोर गाल ओढून बघा. दात मिटतात त्या रेषेवर पांढरट, खरबरीत पट्टा दिसला, तर गाल चावला जातोय. हिशेब जुळेना की दात आवळून गालाची कातडी कुरतडणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना पत्ताही नसतो. जखम भरत आली की सूज दातांखाली येते आणि पुन्हा चावा बसतो. दंतवैद्याला दाढेची धार दाखवा. टोचत असेल तर घासून गुळगुळीत करतात, काम काही मिनिटांचं. ताणाचा हात इथं असतोच, शिवाय काहींना नुसत्या ताणानंही फोड येतात.

फिरत्या फोडांसाठी मात्र रक्त तपासा: सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि फॉलेट. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. पाळीत रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो. बी-१२ भाजीपाल्यात नसतं, दुधातून मिळतं, पण एका पेल्यात साधारण १ मायक्रोग्रॅम आणि गरज रोजची २ च्या वर. गंगावेशीत म्हशीचं दूध कितीही चांगलं मिळालं तरी एकदा उतरलेली पातळी त्यानं भरून येत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शनच लागतात. तुमच्या बी-कॉम्प्लेक्समुळं रिपोर्ट खोटा चांगला दिसू शकतो, म्हणून गोळ्या कधीपासून चालू आहेत ते डॉक्टरांना आधी सांगा. पाळीचंही त्यांनाच सांगा. गळती थांबवल्याशिवाय लोह टिकणार नाही. लोहाची गोळी लागलीच तर जेवणानंतरच्या चहापासून लांब ठेवा, चहा ते शोषू देत नाही.

सगळे रिपोर्ट चांगले आले तर? तसंही पुष्कळदा होतं. काही घराण्यांत ही खोडच असते. मग फोड येतोय अशी चुरचुर सुरू होताच डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची पेस्ट लावायची, नंतर नाही. उष्णतेबद्दल सासूबाईंशी वाद नको, तेवढे दिवस मिसळीचा कट मात्र सोडा.

साधा फोड दोन आठवड्यांत भरतो. दाढेजवळचा तीन आठवड्यांनंतरही तसाच राहिला, कडा टणक लागल्या किंवा दुखायचा थांबूनही मिटला नाही, तर पेस्ट लावत बसू नका, सीपीआर रुग्णालयाच्या दंतविभागात किंवा तुमच्या दंतवैद्याकडे दाखवा. मिसरी लावत असाल तर तेही तिथं सांगा.