बर्नरची ज्योत पिवळी का येते?

प्रश्न: शेगडीच्या एकाच बर्नरची ज्योत पिवळी-नारिंगी येते, भांडी काळी होतात. काय करू?

उत्तर: एकच बर्नर बिघडलाय, म्हणजे सिलिंडरचा दोष नाही; गॅसमध्ये हवा कमी मिसळतेय. आधी रेग्युलेटर बंद करा. बर्नर थंड झाल्यावर गरम साबणपाण्यात भिजवा, प्रत्येक भोकातून टाचणी फिरवा. काडी नको, आत मोडते. पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बर्नरही नारिंगी जळतो.

तरीही सगळी ज्योत पिवळीच असेल, तर शेगडीखाली बर्नरकडे जाणाऱ्या धातूच्या नळीच्या तोंडाशी हवेची चकती असते (सगळ्या शेगड्यांना नसते), ती किंचित उघडा. ज्योत निळी झाली की थांबा. ती फुरफुरत बर्नरपासून सुटू लागली, तर हवा जास्त झाली. गॅस ज्या बारीक भोकातून या नळीत येतो, त्या जेटमध्ये मात्र टाचणी घालू नका. भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो.