सत्तावीस शेवट आणि एक पत्र

"मॅडम, सहा-सात जणांच्या एका स्टुडिओत नॅरेटिव्ह डिझायनरची जागा आहे. माझ्या पोर्टफोलिओत फाटे फुटणाऱ्या अकरा कथा आहेत, पण बाजारात आलेला गेम एकही नाही. कव्हर लेटरमध्ये सगळ्या कथांबद्दल लिहिलं तर तीन पानं होतात, नाही लिहिलं तर ते लिंक उघडतील की नाही कळत नाही. नक्की काय लिहू?"

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे कोल्हापूरचा एक मुलगा आला होता. मालिकांसाठी सहायक संवादलेखन करून कंटाळलेला. तोही पुण्यातल्या अशाच छोट्या स्टुडिओत अर्ज करत होता. त्याच्या पत्राची सुरुवात 'लहानपणापासून मला गोष्टींचं वेड' अशी होती, पुढे नऊ कथांची यादी, प्रत्येकीखाली दोन ओळींचा सारांश, आणि शेवटी ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक. समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं मी गेमच्या कंपनीत निर्मितीचं काम सांभाळत होते. अशी पत्रं मी स्वतः बाजूला ठेवलेली आहेत, आणि दुष्टपणाने नव्हे. छोट्या स्टुडिओत वेगळा एचआर नसतो. पत्र वाचणारा माणूस बहुधा स्वतः चित्रकार किंवा प्रोग्रामर असतो आणि दोन कामांच्या मधल्या वीस मिनिटांत तुमचा अर्ज उघडतो.

मी त्याला म्हटलं, "तुझी सगळ्यात चांगली गोष्ट उघड, मी खेळते."

त्याने एसटीची गोष्ट उघडली. रात्री आंबा घाटात गाडी बंद पडते आणि आपण कंडक्टर आहोत. प्रवाशांना ब्रेकचं खरं सांगायचं, टायर पंक्चर झालंय म्हणून वेळ मारून न्यायची, की काहीच बोलायचं नाही? पुढे एक जीप येते आणि तिच्यात थोडीच जागा आहे. कोणाला पाठवायचं? मग डेपोला फोन. मी खेळले, आठ मिनिटांत गोष्ट संपली. मी म्हटलं, "छान आहे. पण ही सरळ गोष्ट आहे. फाटे कुठे आहेत?"

त्याचा चेहरा पडला. "ताई, सत्तावीस शेवट आहेत हिला. चार महिने लागले."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याच प्रसंगात दिसतं. कथासंग्रहाचं पहिलं पान वाचलं की लेखकाचा अंदाज येतो. फाट्यांची गोष्ट एकदा खेळणाऱ्याला मात्र एकच वाट दिसते, आणि ती वाट कितीही चांगली असली तरी साध्या गोष्टीसारखीच दिसते. तुम्ही जे खरं काम केलंय ते न निवडलेल्या पर्यायांमध्ये दडलेलं असतं. पत्र लिहायचं ते हे दडलेलं दाखवायला. कथेचा सारांश द्यायला नाही, कारण कथा ते वाचतीलच. आणि तुमच्या आवडीबद्दल तर मुळीच नाही.

आधी गोष्टीकडे वळलो, कारण तिच्यातली खोट पत्रात लपली नसती. तीन निर्णय, प्रत्येकी तीन पर्याय, आणि प्रत्येक फाटा स्वतंत्र लिहिलेला. म्हणजे सुरुवातीचा १ प्रसंग, मग ३, मग ९, मग २७. एकूण ४० प्रसंग. मी शेवटचे सगळे उघडून पाहिले. पहिले पाच-सहा मन लावून लिहिलेले, आणि नंतरचे तीन-तीन ओळींचे. दमलेला हात लगेच ओळखू येतो. त्यात 'सत्तावीस शेवट' ही गोष्ट तो पत्रात अभिमानाने सांगत होता. स्टुडिओ चालवणाऱ्याच्या कानांना ते वेगळंच ऐकू येतं: सत्तावीस वेळा चित्र, सत्तावीस वेळा आवाज, प्रत्येक वाट तपासायला माणूस, आणि बहुतेक खेळणारे पाहणार त्यातली एक.

त्याने तीन आठवडे घेतले आणि फाटे परत एकत्र आणले. पहिल्या निर्णयानंतर तिन्ही वाटा चहाच्या टपरीवर येतात. जीपच्या निर्णयानंतर पुन्हा एकदा एकत्र येतात. आधी १, मग ३, टपरीचा १, जीपचे ३, फोनआधीचा १, फोनचे ३ आणि शेवट ३. एकूण १५. वाटा तरीही २७ प्रकारे चालता येतात, कारण गोष्ट लक्षात ठेवते. त्याने इंक या फाट्यांच्या गोष्टी लिहायच्या भाषेत 'विश्वास' नावाचं एक चल ठेवलं होतं, खरं बोललं की वाढणारं आणि थाप मारली की घटणारं. टपरीचा प्रसंग सगळ्यांना तोच, पण खरं बोललात तर आजीबाई आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी तुमच्यापुढे करतात. थाप मारली असेल तर त्या चहा घेतात आणि पाठ फिरवून बसतात. दोन ओळींचा फरक आहे, पण माझ्या मते सत्तावीस शेवटांपेक्षा तो जास्त बोलतो.

एका ठिकाणी तो अडला. जीपमधून ड्रायव्हरला मदत आणायला पाठवायचा पर्याय होता. पण ड्रायव्हर नंतरच्या प्रत्येक प्रसंगात बोलतो. तो गेला तर पुढचं सगळं दोनदा लिहावं लागणार. पर्याय नुसता काढला तर खेळणाऱ्याला वाटणार, ही साधी गोष्ट कशी सुचली नाही? मग त्याने पर्याय काढून टाकला आणि ड्रायव्हरच्या तोंडी एक वाक्य घातलं: "गाडी सोडून मी जात नाही." अडचणही सुटली आणि ड्रायव्हरला स्वभावही मिळाला.

मी म्हटलं, "पत्रात हे लिही."

त्याला ते विचित्र वाटलं. नोकरीच्या अर्जात काय कापलं ते कोण सांगतं? पण नॅरेटिव्ह डिझायनर आणि लेखक यांच्यातला फरक नेमका इथे दिसतो. चांगला संवाद बरेच जण लिहितात. फाटा कुठे वाढवायचा, कुठे परत आणायचा आणि त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडणार, हे ठरवू शकणारा माणूस त्यांना हवा असतो. त्याने पत्र इंग्रजीत पाठवलं, मधला परिच्छेद मराठीत साधारण असा:

'या गोष्टीत तुम्ही बंद पडलेल्या एसटीचे कंडक्टर आहात. एका खेळाला आठ मिनिटं लागतात. वेळ असेल तर दोनदा खेळा: एकदा प्रवाशांना खरं सांगा, एकदा थाप मारा, आणि टपरीवरच्या आजींकडे लक्ष ठेवा. पहिल्या आवृत्तीत २७ शेवट होते, त्यातले बरेचसे मी दमून लिहिले होते. आता ३ आहेत. ड्रायव्हरला जीपने पाठवायचा पर्याय मी काढला, कारण तो गेला असता तर पुढचा प्रत्येक प्रसंग दोनदा लिहावा लागला असता. त्याऐवजी तो स्वतःच जायला नकार देतो.'

यात तुम्हाला घेण्यासारखं एवढंच आहे की वाचणाऱ्याला किती वेळ लागेल आणि कुठे बोट ठेवायचं ते आधीच सांगितलंय. अकरा कथांची यादी दिली की निवडण्याचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकता, आणि घाईतला माणूस पहिली किंवा सर्वात छोटी उघडतो. एकच कथा पुढे करा, फार तर दोन. उरलेल्या कथा पोर्टफोलिओच्या पानावर असू देत.

त्याच्या पत्रात बाकी फार काही नव्हतं. वर दोन वाक्यं त्यांच्या गेमबद्दल. पहिल्या मसुद्यात त्याने तिथे त्यांच्या दुसऱ्या प्रकरणात काय चुकलंय ते समजावलं होतं, ते मी खोडायला लावलं. त्याऐवजी सुरुवातीला केलेली एक क्षुल्लक निवड शेवटी एका ओळीत परत येते, ती त्याने हेरली होती. तेवढंच ठेवलं. खाली आणखी दोन-तीन वाक्यं. दुसरी कथा गेम जॅममध्ये, म्हणजे थोडक्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, मित्राबरोबर केली होती आणि तिथे त्याने सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं. त्यातून कोणी काय केलं ते कळत नाही. मग स्पष्ट केलं: कथा आणि संवाद माझे, चित्रं मित्राची, इंकची फाइल युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी बसवली पण प्रोग्रामर मैत्रिणीच्या मदतीने. मदत लपवली असती तर मुलाखतीच्या तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडली असती. मालिकेचं काम एका ओळीत: रोज किती दृश्यं लिहायचा आणि मुदती कशा असायच्या. सगळं मिळून एका पानाच्या आत, आणि जोडपत्र न करता थेट ईमेलमध्ये.

आणि लिंक. याबद्दल मी जरा चिडूनच बोलते, कारण इतकी मेहनत इथे वाया जाताना पाहिली आहे. ट्वाइन या फाट्यांच्या कथा बनवायच्या साधनातून बाहेर काढलेली कथा ही एचटीएमएल फाइल असते. ती गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक दिली तर समोरच्याला गोष्ट खेळता येत नाही, कोड दिसतो किंवा फाइल उतरवून घ्या असं सांगितलं जातं. अनोळखी माणसाची फाइल कोण उतरवून घेईल? तीच फाइल itch.io या गेम ठेवायच्या साइटवर चढवा, प्रकार HTML निवडा आणि 'This file will be played in the browser' यावर खूण करा. पान Draft राहिलं तर नेहमीची लिंक तुम्हाला दिसेल, इतरांना नाही. म्हणून खासगी विंडोत, म्हणजे लॉगिन न करता, उघडून बघा, आणि एकदा फोनवरही. या मुलाच्या फोल्डरला तर परवानगीच मागावी लागत होती. आधी तीन ठिकाणी त्याने तीच लिंक पाठवली होती आणि उत्तर का येत नाही म्हणून तो खचला होता.

त्याला बोलावणं आलं. मुलाखत घेणारी चित्रकार होती, स्टुडिओतली दुसरी भागीदार. तिने गोष्ट दोनदा खेळली होती, आणि पहिलाच प्रश्न ड्रायव्हरचा होता: काढलेल्या पर्यायात पुढे काय होत होतं? जुनी आवृत्ती त्याने जपून ठेवली होती, लॅपटॉपवर उघडून दाखवली. मग अर्धा तास दोघं त्यावरच बोलत बसले. त्यानंतर लेखनाची एक चाचणी झाली आणि तीन महिन्यांचं कंत्राट मिळालं. कायम नोकरी नाही, हेही सांगते. छोट्या स्टुडिओत पुष्कळदा आधी एवढंच मिळतं.

तुमच्या अकरांपैकी कोणती कथा पुढे करायची ते मला इथून सांगता येणार नाही. एक करा. प्रत्येक कथेच्या नावापुढे, तिच्यात काढून टाकलेला किंवा परत एकत्र आणलेला एक फाटा लिहा आणि कारण एका वाक्यात. काही कथांपुढे लिहायला काहीच सुचणार नाही, त्या बाजूला ठेवा. ज्या कथेपुढे एक वाक्य पुरणार नाही, तिच्यापासून पत्राला सुरुवात करा. त्या फाट्याची जुनी आवृत्ती अजून असेल तर आजच जपून ठेवा, मुलाखतीत लागेल.