आधी मराठी नीट करा, मग इंग्रजी

ऑडिओवरून उतरवलेला मराठी मजकूर इंग्रजीत न्यायचा असेल, तर ‘म्हणजे’, ‘काय ना’ असे भरीचे शब्द काढण्यापासून सुरुवात करू नका. ते शेवटी, पाच मिनिटांचं काम. मूळ मजकुराची प्रत ठेवा आणि ऑडिओ ऐकत आधी विरामचिन्हं द्या. उदाहरणार्थ, उताऱ्यात असं आलंय:

«आपण परवा कोटेशन पाठवू नको आधी पावणे दोन लाख बघू»

‘पाठवू नको, आधी…’ की ‘पाठवू. नको, आधी…’? पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात बोलणाऱ्यानं स्वतःचंच वाक्य फिरवलंय. कागदावरून हे कळत नाही. बोलणारा कुठे थांबलाय ते ऐकावंच लागतं.

मग तीन गोष्टी पक्क्या करा:

- परवा: क्रियापद पाहून तारीख लिहा. निरोप 12 मार्चचा असेल तर ‘पाठवू’ म्हणजे 14, ‘पाठवलं’ म्हणजे 10. नुसतं ‘परवाचं कोटेशन’ असेल तर विचारून घ्या.
- रक्कम: आकड्यात लिहा. पावणेदोन लाख म्हणजे 1,75,000. शब्द तुटला की नवखा माणूस हमखास दोन लाख लिहितो. एकोणसाठ-एकोणसत्तर पुन्हा ऐका.
- आपण: ‘आपण पाठवू’ म्हणजे सगळे, ‘आपण पाठवा’ म्हणजे समोरचा. तिथे नावच घाला, नाहीतर इतिवृत्तात काम कुणाकडे हेच हरवतं.

ऐकू न आलेला शब्द अंदाजानं भरू नका. [अस्पष्ट 02:14] असं लिहून पुढे जा.